मोटारीत अडकलेला माणूस



रस्त्यावर मोटारीला मोठा अपघात झाला, की जमलेल्या लोकांतून पहिली आरोळी उठते ती ‘ओढा, बाहेर ओढा त्याला!’ अशी. त्या आरोळीमागे निव्वळ माणुसकी असते, याविषयी मला शंका नाही. परंतु अग्निशमन दलातील ज्या जवानांना हे काम रोजचे म्हणून करावे लागते, त्यांना शिकवणीच्या पहिल्याच दिवशी याच्या अगदी उलट सांगितले जाते. अडकलेल्या माणसाला मोटारीतून ओढू नका, त्याच्या अंगाभोवतीची मोटार तेवढी दूर करा, असे ते सांगणे आहे. हे ऐकायला शब्दांचा खेळ वाटेल. प्रत्यक्षात त्यातून कामाचा सारा क्रम ठरतो, आणि तो क्रमच आज आपल्यापुढे मांडायचा आहे.

त्यासाठी एक प्रसंग डोळ्यांसमोर आणू. प्रसंग कल्पित आहे. पण आमच्या या सीमाभागात ऊसगाळपाच्या दिवसांत जो पहाटे प्रवास करतो, त्याला तो मुळीच अपरिचित वाटणार नाही. जानेवारीचा महिना आहे, पहाटेचे साडेचार झाले आहेत. निपाणीहून संकेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तवंदी घाटाच्या अलीकडे-पलीकडे कोठे तरी, उसाने शिगोशीग भरलेली एक ट्रॉली ट्रॅक्टरसह रस्त्यातच बंद पडली आहे. मागे दिवा नाही. एक लहान पेट्रोलची मोटार वेगाने येते. चालकाला ट्रॉली दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. तो डावीकडे चाक वळवतो, आणि मोटारीची उजवी बाजू ट्रॉलीच्या मागच्या कडेखाली घुसते. चालक चाळिशीचा आहे. शेजारी त्याची वृद्ध आई बसली आहे.

या टकरीत एक विशेष गोष्ट घडते. मोटारीचा पुढचा आडवा बंपर आणि त्यामागचे मजबूत सांगाड्याचे लोखंड ट्रॉलीच्या खालून निसटून जाते, आणि आघात होतो तो बॉनेटच्या वरच्या भागावर व समोरच्या काचेच्या खांबावर. एअरबॅग उघडायची की नाही हे ठरवणारे यंत्र गाडीचा वेग किती झटक्याने मोडला यावरून निर्णय घेते. मजबूत भागाला धडक बसली नाही, तर तो झटका त्याला उशिरा पोहोचतो किंवा अपुरा पोहोचतो. म्हणून अशा अपघातात गाडीचा चुराडा झालेला असतो, आणि एअरबॅगा मात्र घडीच्या घडीत तशाच राहिलेल्या असतात. आमच्या मोटारीत असेच झाले आहे. डॅशबोर्ड आणि स्टिअरिंग खाली वाकून चालकाच्या मांड्यांवर बसले आहे. तो शुद्धीवर आहे, बोलतो आहे. पण पाय हलत नाहीत.

112 या क्रमांकावर कोणी तरी दूरध्वनी केला आहे. पथक यायला वीस-पंचवीस मिनिटे लागतील. मधल्या वेळात गावकऱ्यांनी काय करावे? प्रथम मागून येणाऱ्या वाहनांना थोपवावे. बॅटरीचा दिवा हाती असलेला माणूस रस्त्याच्या कडेने दीड-दोनशे मीटर मागे जाऊन उभा राहिला पाहिजे, नाही तर दुसरी मोटार येऊन पहिलीवर आदळते. मग मोटारीचे इंजिन बंद करावे, हात पोहोचत असल्यास हँडब्रेक ओढावा, चाकांच्या पुढे-मागे दगड लावावेत. ट्रॉलीच्या चाकांनाही लावावेत, आणि ट्रॅक्टरवाल्याला ट्रॅक्टर हलवू देऊ नये. ‘साखळी बांधून मोटार मागे खेचू’ ही सूचना अशा वेळी हमखास पुढे येते, आणि तीच सर्वांत घातक असते. ट्रॉलीचे लोखंड मोटारीच्या खांबात अडकलेले असते. मोटार खेचली तर छप्पर खाली येते, आणि मांड्यांवर बसलेला डॅशबोर्ड कोणत्या बाजूला जाईल हे कोणालाच सांगता येत नाही.

एकाने चालकाशी बोलत राहावे. त्याने त्याच्या डोळ्यांसमोर येईल असे उभे राहावे, म्हणजे ‘कोण बोलते आहे’ हे पाहण्यासाठी त्याला मान वळवावी लागणार नाही. मात्र खिडकीतून आत वाकून स्टिअरिंग आणि त्याची छाती यांच्यामध्ये स्वतःचे डोके घालू नये. का, ते पुढे येईल. या साऱ्याला अपवाद तीनच. गाडीने पेट घेतला असेल, ती पाण्यात बुडत असेल, किंवा माणसाचा श्वास थांबला असेल, तर मागचापुढचा विचार न करता त्याला जमेल तसे बाहेर काढावे. आणि पोलिसांच्या ससेमिऱ्याची भीती बाळगणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो, की 2019 साली मोटार वाहन कायद्यात 134अ हे कलम घातले गेले आहे. सद्हेतूने मदत करणाऱ्यावर, त्याच्या हातून मदत करताना काही चुकले तरी, दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही.

आता आईकडे वळू. ती नीट उत्तरे देते, हातपाय हलवते, तिच्या बाजूचे दार उघडते. तिचे काय करायचे? काही वर्षांपूर्वीपर्यंत उत्तर ठरलेले होते. मानेला पट्टा बांधायचा, पाठीमागे फळी सरकवायची, चार जणांनी उचलून बाहेर आणायचे. मणक्याला जराही हालचाल होऊ नये, हा त्यामागचा हेतू. इंग्लंडमध्ये अलीकडे या समजुतीची शास्त्रशुद्ध परीक्षा झाली. धडधाकट स्वयंसेवकांच्या अंगावर हालचाल मोजणारी उपकरणे लावून त्यांना निरनिराळ्या रीतींनी मोटारीतून बाहेर काढण्यात आले. तेव्हा असे दिसले, की माणूस आपला आपण सावकाश उतरला, तर त्याच्या पाठीच्या कण्याची जेवढी हालचाल होते, त्याहून अधिक हालचाल इतरांनी त्याला उचलताना होते. तेथील जखमींच्या नोंदी तपासल्या तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. मोटारीत अडकलेल्यांमध्ये मज्जारज्जूला इजा झालेले शेकडा एकाहूनही कमी निघाले. उलट इतर गंभीर दुखापती झालेले त्याच्या कितीतरी पट होते, आणि अशा दुखापतींत मिनिटे मोजावी लागतात. म्हणून आज तेथील पथकांना शिकवतात, की ज्याला सांगितलेले समजते, ज्याला निदान एका पायावर उभे राहता येते, ज्याच्या अंगात काही रुतलेले नाही, त्याला प्रथम स्वतः उतरू द्या. ‘पाय जमिनीवर ठेवा, दाराला धरा, हळू उठा’ असे सांगून आईला उतरवायचे आणि दोन पावलांवर झोळीत निजवायचे. मला हा बदल मोठा वाटतो. माणूस न हलवण्याच्या हट्टापायी आम्ही पूर्वी बराच वेळ घालवत असू.

तथापि तिचा मुलगा स्वतः उतरू शकत नाही. लोखंडाने त्याला धरून ठेवले आहे, आणि येथून पथकाचे खरे काम सुरू होते.

पथकाचा प्रमुख आल्याबरोबर हत्यारे काढत नाही. तो सर्व अपघातस्थळाभोवती एक फेरी मारतो. मोटारीखाली पेट्रोल गळते आहे काय, विजेची तार लोंबते आहे काय, कोणी शेतात फेकला गेला आहे काय, हे पाहतो. मग तो आपल्या माणसांना दोन बेत सांगतो. एक, सर्व सुरळीत चालले तर कसे सोडवायचे तो. दुसरा, चालकाची प्रकृती एकाएकी ढासळली तर एका मिनिटात त्याला कोणत्या वाटेने काढायचे तो. दुसरा बेत आधी ठरलेला नसेल, तर त्या क्षणी जो गोंधळ उडतो, त्याचे वर्णन न केलेले बरे.

त्यानंतर मोटार जागच्या जागी घट्ट बसवली जाते. आपण म्हणाल, ती तर ट्रॉलीखाली अडकली आहे, हलणार कोठे? पण मोटार चाकांवर नसते, चाकांमधल्या स्प्रिंगांवर आणि हवेवर तरंगत असते. कोणी दाराला टेकले की ती झुलते, उतरले की पुन्हा झुलते. मांडीचे हाड मोडलेल्या माणसाला त्या प्रत्येक झोक्यात मोडलेल्या टोकांचा मांसात घास जाणवतो, आणि त्या टोकांनी रक्तवाहिनी फाटू शकते. शिवाय पुढे जी पाण्या-तेलाच्या दाबाची हत्यारे लावायची, ती कित्येक टनांच्या जोराने ढकलतात. झुलत्या गाडीवर त्यांचा जोर भलतीकडे जातो.

म्हणून पायऱ्यापायऱ्यांचे ठोकळे दारांखालच्या लांब उंबरठ्याखाली सरकवतात. पुढच्या चाकामागे एक, मागच्या चाकापुढे एक, अशी दोन्ही बाजूंना मिळून चार ठिकाणी. ठोकळा आणि उंबरठा यांत बोटभर फट राहिली तर पाचर ठोकतात. मग चारही टायरांचे व्हॉल्व्ह काढून हवा सोडतात. टायर चाकूने फाडत नाहीत, कारण फाटलेल्या टायरने गाडी एकदम खाली आपटते. हवा हळूहळू गेली, की मोटार आपल्या वजनाने ठोकळ्यांवर येऊन बसते, आणि स्प्रिंगांना काही काम उरत नाही. काम नीट झाले की नाही हे कळण्याची रीत साधी आहे. छपराला हाताने ढकलावे. आत बसलेल्याचे डोके हलले नाही, तर गाडी बसली. पण पुढे लोखंड कापत गेले, की गाडीचा आकार आणि भार बदलतो, ठोकळे ढिले पडतात. म्हणून एका माणसाला दुसरे काही काम न देता केवळ ठोकळे तपासायला ठेवतात. आमच्या प्रसंगात ट्रॉलीच्या मागच्या कडेखालीही भक्कम टेकू द्यावा लागेल, कारण खालचे लोखंड कापल्यावर उसाचा तो भार मोटारीवर खचू शकतो. मोटार कुशीवर किंवा टपावर पडलेली असती, तर तिला सरळ करण्याचा मोह टाळून जशी आहे तशीच तिरक्या टेकूंनी जखडली असती.

गाडी बसली, की एक जवान मागच्या दाराने आत शिरतो आणि चालकाच्या मागे बसून त्याचे डोके दोन्ही तळहातांनी सरळ धरतो. तो बाहेर निघेपर्यंत हात सोडत नाही. त्याच्या तोंडचे शब्द हेही या कामाचे साधन आहे. ‘आता काच फुटेल, आवाज होईल,’ असे आधी सांगितले, तर माणूस दचकून मान झटकत नाही. चालकाच्या अंगावर आणि तोंडावरून एक चादर वा पारदर्शक कापड घालतात, आणि जेथे हत्यार चालणार तेथे हत्यार व शरीर यांमध्ये एक कठीण फळी धरतात. बाजूच्या काचा खालच्या कोपऱ्यात टोकदार पंचने फोडतात. त्या बारीक गोट्यांसारख्या होऊन पडतात. समोरची काच दोन पदरी असते, ती करवतीने कापावी लागते, आणि तिची धूळ छातीत जाऊ नये म्हणून आतल्या दोघांनाही तोंडावर फडके लागते.

आता बॅटरी. मोटारीचे चारही पिवळे दिवे अजून मिचकावत आहेत, म्हणजे वीज जिवंत आहे. ती तोडण्यापूर्वी तिचा उपयोग करून घ्यावा. विजेवर चालणाऱ्या खिडक्या खाली घ्याव्यात, दारांची कुलपे उघडावीत. नंतर मात्र हे हाताने होत नाही. मग किल्ली काढून घ्यावी. खिशात ठेवूनच गाडी चालू करता येते अशी किल्ली असेल, तर ती पाच मीटरहून अधिक दूर नेऊन ठेवावी. यानंतर बॉनेटचा मागचा कोपरा उचकटून बॅटरीची ऋण तार आधी सोडवतात. त्याचे कारण असे, की मोटारीचा सारा पत्रा ऋण टोकाला जोडलेला असतो. धन टोकावर पाना लावला आणि तो चुकून पत्र्याला लागला, तर ठिणगी उडते. खाली पेट्रोल गळत असते. ऋण टोक आधी सुटले, तर तो धोका राहत नाही. तार कापायचीच वेळ आली, तर दोन ठिकाणी कापून मधला तुकडा फेकून देतात, म्हणजे टोके पुन्हा एकमेकांना भिडत नाहीत. पिवळे दिवे विझले, हॉर्न वाजेनासा झाला, की वीज गेली असे समजावे. ते विझले नाहीत, तर दुसरी बॅटरी शोधावी. अलीकडच्या कित्येक गाड्यांत बॅटरी डिकीत किंवा आसनाखाली असते, काहींत दोन असतात.

परंतु वीज गेली म्हणजे एअरबॅग मेली असे नव्हे. टकरीत बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडावी, म्हणून तिच्या यंत्रात विजेचा थोडा साठा मुद्दाम राखलेला असतो. तो विरायला गाडीच्या बनावटीप्रमाणे काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत वेळ लागतो. शिवाय जोराच्या आघाताने वा उष्णतेनेही ती उघडू शकते. उघडते ती एका सेकंदाच्या विसाव्या हिश्शाहूनही कमी वेळात, म्हणजे पापणी लवण्याच्या आत. तिच्या वाटेत त्या वेळी ज्याचे डोके असेल, त्याची मान मोडू शकते. म्हणून न उघडलेल्या एअरबॅगेपासून अंतर राखण्याचा एक नियम पथकांत पाठ असतो. दाराच्या वा आसनाच्या बाजूची असेल तर 5 इंच, चालकापुढची असेल तर 10 इंच, शेजारच्या प्रवाशापुढची असेल तर 20 इंच. खिडकीतून वाकू नका, असे मी मघाशी म्हणालो ते याचसाठी. दहा इंच म्हणजे वीतभराहून थोडे अधिक. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. चालकाचे रक्षण म्हणून जी कठीण फळी आपण हत्यारापुढे धरली, ती एअरबॅग आणि त्याची छाती यांच्यामध्ये कधीही ठेवायची नसते. बॅग उघडली, तर ती फळीच त्याच्यावर आदळेल. ज्या गाडीत बॅग उघडून पांढऱ्या पिशवीसारखी लोंबत असते, तीही सर्वथा निर्धोक नसते. काही बॅगा दोन टप्प्यांत फुगतात, आणि दुसरा टप्पा उरलेला असू शकतो.

खांब कापण्यापूर्वी त्याच्यावरचे प्लॅस्टिकचे आवरण उचकटून आत डोकावणे, हा या कामातील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा नियम आहे. खिडकीवर पडद्यासारख्या उलगडणाऱ्या एअरबॅगांसाठी दाबून भरलेल्या वायूची एक नळकांडी छपराच्या कडेला किंवा मागच्या खांबात बसवलेली असते, साधारण मोठ्या काकडीएवढी. तिच्यात वायू वातावरणाच्या शेकडो पट दाबाने कोंडलेला असतो. कातरीचे पाते तिच्यावर पडले, तर ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटेल. सीटबेल्ट झटक्याने आवळणारे स्फोटक यंत्र मधल्या खांबाच्या पायथ्याशी असते, तेही असेच टाळावे लागते. बाहेरून अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन मोटारींपैकी एकीत दोन एअरबॅगा असतात, दुसरीत सहा. तेव्हा अंदाजावर जाण्याचे कारण नाही. अर्ध्या मिनिटात आवरण निघते.

आता चालकाची मांडी मोकळी करायची. प्रथम त्याच्या बाजूचे दार पसरवणाऱ्या जबड्याने कुलपाकडून व बिजागरीकडून तोडून काढतात. त्यानंतर जी गोष्ट नवशिके हटकून विसरतात, ती अशी, की पुढच्या खांबाच्या अगदी खाली, उंबरठ्याखाली, आणखी ठोकळे घट्ट बसवावे लागतात. मग त्या खांबाच्या बुंध्याशी एक काप घेतात. मधल्या खांबाचा पायथा आणि डॅशबोर्डच्या उंचीवरचा पुढचा खांब यांच्यामध्ये दाबाचा दांडा तिरका बसवून हळूहळू लांबवतात. डॅशबोर्ड पुढे आणि वर सरकू लागतो. खाली ठोकळे नसतील, तर डॅशबोर्ड वर जाण्याऐवजी गाडीचा तळच खाली वाकतो. दांडा लांब होत जातो, आणि मांडीवरचा भार जसाच्या तसा राहतो. त्यावरूनच चूक ओळखता येते. चार बोटे जागा झाली, की पुरते. दांडा लांबवताना स्टिअरिंगपुढच्या दहा इंचांत कोणाचाही हात असता कामा नये, आणि स्टिअरिंगच्या नळीला कातरी लावण्याचे तर नावच काढू नये.

भार उचलण्यापूर्वी डॉक्टर वा रुग्णवाहिकेतील जाणकार जवळ असला पाहिजे. दाबलेल्या पायातून वाहणारे रक्त त्या भारामुळेच कधी कधी थांबलेले असते. भार उठताच धार लागते. म्हणून आवळपट्टी मांडीवर आधीच सैल बांधून ठेवतात. मग आसनाची पाठ मागे पाडतात, पाठीमागून लांब फळी सरकवतात, आणि चालकाला त्याच्या अंगाच्या सरळ रेषेत, न वळवता, मागच्या बाजूने बाहेर घेतात. सरावलेले पथक हे सारे अर्ध्या तासाच्या आत साधू शकते.

हीच मोटार विजेवर चालणारी असती तर? हिरवी नंबरपाटी दिसली, की तसे समजावे. ती बंद आहे की चालू, हे आवाजावरून कळत नाही; पेडलवर पाय पडला तर ती चालू लागेल, म्हणून दगड लावणे येथे दुप्पट महत्त्वाचे. तिच्यातील मोठी बॅटरी तळाशी पसरलेली असते, तिचा दाब कित्येक शे व्होल्टचा असतो, आणि तिच्या तारा नारिंगी रंगाच्या असतात. त्या कापायच्या नाहीत, त्यांना हातही लावायचा नाही. विशेष म्हणजे अशा गाडीतही साधी बारा व्होल्टची लहान बॅटरी असते, आणि ती तोडली, की मोठ्या बॅटरीचे दरवाजे आपोआप मिटतात. त्यामुळे सांगितलेला क्रम तोच राहतो. बदल इतकाच, की ठोकळे बॅटरीच्या पेटीखाली न लावता कडेच्या उंबरठ्याखालीच लावायचे, आणि दाबाचा दांडा गाडीच्या तळात रुतवायचा नाही. तळातून फटफट असा आवाज, फुसफुसणे किंवा पांढरट वाफ येऊ लागली, तर मोठी बॅटरी आतून तापते आहे. मग प्रमुखाने दुसरा बेत पुकारायचा, आणि पाण्याचा सतत मारा चालू ठेवायचा.

चालक रुग्णवाहिकेत गेला, तरी मोटारीचे काम उरते. न उघडलेल्या दोन्ही एअरबॅगांची नोंद समोरच्या काचेच्या उरलेल्या भागावर रंगीत खडूने लिहून ठेवतात. कारण त्या पुढे गॅरेजातल्या पोराच्या किंवा भंगारवाल्याच्या तोंडासमोर उघडू शकतात. विजेची गाडी असेल, तर पोलीस ठाण्याच्या आवारात तिला इतर वाहनांपासून आणि भिंतीपासून पंधरा मीटर दूर, उघड्यावर ठेवावी लागते. दुखावलेली बॅटरी विझल्यावर काही तासांनी, कधी काही दिवसांनीही, पुन्हा पेट घेते.